शर्शेन आकेंचं पाकीट आणि माझी सुयुंचू

आमच्या बाईंनी, जायना एजेंनी, गृहपाठ दिला: सापडलेलं पाकीट परत करणाऱ्या मुलाची गोष्ट लिहा. एजेंनी विषय सांगितला आणि सगळा वर्ग मान वळवून माझ्याकडे बघायला लागला, कारण तो मुलगा मीच आहे. मधल्या सुट्टीत एलिनाने तिची गोष्ट वाचून दाखवली. तिच्या गोष्टीतल्या मुलाला पाकीट सापडतं, तो लगेच धावत जातो आणि ‘त्याच्या निर्मळ मनाला मोह शिवलासुद्धा नाही’. मला हसू आलं. एजे, मोह नुसता शिवला नव्हता, मांडी ठोकून बसला होता. आणि तो पैशांचाही नव्हता. मला बैसालचा हेवा वाटत होता. बैसालला विचारलं, खरं ते लिहू का? तो म्हणाला, लिही, माझं काय जातंय.

बैसाल माझ्याच बाकावर बसतो. त्याचे वडील शर्शेन आके. मोठ्या माणसाला आम्ही आके म्हणतो. त्यांच्याकडे तोरू आहे. तोरू म्हणजे तीन वर्षांचा तांबूस घोडा, कपाळावर पांढरा टिळा, पळायला लागला की मागचे घोडे त्याची फक्त धूळ खातात. गेल्या वर्षी शर्यतीत तोरूवर मी बसलो होतो. आमच्याकडे घोडा नाही, गाढवसुद्धा नाही. पण मी हलका आहे आणि घोड्याला माझी भाषा कळते, असं शर्शेन आके स्वतः म्हणाले होते. आम्ही दुसरे आलो. आकेंनी मला निळा ट्रॅकसूट दिला. तो मी इतका घातला की गुडघ्यांवर जाळी झाली.

या वर्षी उन्हाळा सुरू झाला आणि आकेंनी तोरूवर बैसालला बसवलं. स्वतःचा मुलगा आता मोठा झाला, मग दुसऱ्याचा कशाला? बरोबरच आहे. सगळं गाव म्हणालं बरोबर आहे. माझी आपा, म्हणजे आईसुद्धा म्हणाली, "त्यांचा घोडा, त्यांचं पोर. तुला काय करायचंय?" पण माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. रोज संध्याकाळी मी कुरणाच्या कडेला जाऊन बसायचो आणि बैसालचा सराव बघायचो. त्याला नवे बूट, नवं शिरस्त्राण. लगाम असा धरायचा, जणू चहाची गरम किटली उचलतोय. तोरू मान झटकायचा. मी मनात म्हणायचो, सोड ना जरा सैल, त्याला श्वास घेऊ दे. मोठ्याने म्हणालो नाही. त्याला शिकवून माझा काय फायदा?

स्वातंत्र्यदिनाच्या शर्यतीला आठवडा राहिला होता. त्या शनिवारी गुरांच्या बाजारात ते पाकीट सापडलं.

आपा बाजाराच्या फाटकापाशी चहा आणि मांस भरलेला सामसा विकते. मी तिचं पाणी आणून दिलं आणि घोड्यांकडे पळालो. उजाडता उजाडता बाजार भरतो आणि ऊन तापायच्या आत निम्मा रिकामा होतो. शर्शेन आकेंनी त्या दिवशी मेंढ्या विकल्या होत्या. मी त्यांना लांबून पाहिलं. गिऱ्हाइकाचा ट्रक मेंढ्या चढवायच्या मातीच्या उताराला टेकवून उभा होता. आके एका अडेलतट्टू मेंढ्याला पोटाखाली हात घालून वर ढकलत होते. मेंढा पाय रोवून उभा, आके वाकलेले, लोक हसताहेत. मेंढा एकदाचा चढला, ट्रक गेला, आकेही हात झटकत चहाला गेले.

मी त्या उतारापाशी आलो, तर लेंड्यांमध्ये आणि तुडवलेल्या गवतात काहीतरी काळं दिसलं. लांबोळकं चामडी पाकीट, वरून रबर लावलेलं. वाकले तेव्हा कोटाच्या आतल्या खिशातून घसरलं असणार.

मी आधी त्यावर पाय ठेवला. मग बुटाची नाडी बांधायला वाकलो. माझ्या बुटांना नाडी नाही.

पाकीट शर्टाच्या आत, पोटाशी गेलं. मी वैरणीच्या गंजीमागे जाऊन ते उघडलं. कोणाचं आहे हे बघायला उघडलं असं मी स्वतःला सांगितलं, पण कोणाचं आहे ते मला ठाऊकच होतं. ओळखपत्र, गाडी चालवायचा परवाना, गाडीचे कागद, बँकेचं कार्ड. मेंढ्यांचे पैसे, हजारच्या नोटांचं जाड पुडकं. ते मी मोजलं नाही. मोजलं की मन खर्च करायला लागतं, एवढं मला कळतं. आणि सगळ्यात मागे, घडी घालून ठेवलेला एक कागद. त्यावर जनावरांच्या डॉक्टरचा गोल शिक्का. मी घडी उलगडली.

तो तोरूचा दाखला होता. रंग तांबूस, कपाळावर टिळा, रक्त तपासलं, रोग नाही, शर्यतीला पाठवायला हरकत नाही. गेल्या वर्षी हाच कागद पंचांच्या टेबलावर ठेवला तेव्हा कुठे आम्हाला पाठीवर लावायचा आकडा मिळाला होता. कागद नसेल तर घोडा मैदानात पाऊलसुद्धा टाकू शकत नाही, मग मालक कोणीही असो. दुसरा काढायचा तर डॉक्टरने पुन्हा रक्त घ्यायचं, ते नारीन शहरात पाठवायचं, तिथून उत्तर यायची वाट बघायची. आठवडाभरात ते होणं शक्य नव्हतं.

माझ्या डोक्यात आधी काय आलं ते सांगतो. बैसाल नवे बूट घालून मैदानाच्या दोरीबाहेर उभा आहे, असं चित्र आलं. फार गोड वाटलं.

मी आपाच्या टपरीवर परत आलो तोवर कर्णा खरखरायला लागला. बाजारात कोणाची गाडी आडवी लागली, कोणाचं पोर चुकलं, की फाटकावरचा माणूस कर्ण्यावरून ओरडतो. तो ओरडला, "ऐका हो! शर्शेनचं काळं पाकीट पडलंय. ज्याला मिळालं असेल त्याने पैसे ठेवून घ्यावेत, खुशाल ठेवून घ्यावेत! कागद तेवढे आणून द्यावेत! देव त्याचं भलं करो!"

चहा पिणारे लोक हसले. एक जण म्हणाला, "ऐकलंत का? पैसे ठेवा म्हणे. मला सापडलं असतं तर कागदसुद्धा इस्त्री करून दिले असते."

"बिचारा," आपा म्हणाली. "पैसे काय, येतात जातात. कागदासाठी माणूस कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतो." मग ती चहाच्या समोवारात कोळसा टाकत म्हणाली, "ज्याला सापडलं असेल त्याच्या हाताला आता कशी खाज सुटली असेल!"

मी पोटावरचा हात चटकन काढला.

"पोटात दुखतंय का रे?"

"नाही, आपा."

"मग तोंड असं का? दही नासल्यासारखं."

गंमत अशी, की शर्शेन आके म्हणत होते पैसे ठेवा, कागद द्या. माझ्या मनात बरोब्बर उलटं होतं. पैसे द्यावेत, गाडीचे कागद द्यावेत, ओळखपत्र द्यावं, सगळं द्यावं. फक्त तो एक घडी घातलेला कागद राहू द्यावा. पडला असेल कुठेतरी गवतात. मेंढ्यांनी खाल्ला असेल. कोण विचारणार? पाकीट परत करणाऱ्या मुलावर कोण संशय घेणार? उलट सगळे डोक्यावरून हात फिरवतील.

कर्णेवाल्याकडेही देऊन टाकता आलं असतं. फाटक दहा पावलांवर होतं. पण त्याला दिलं तर बातमी तो नेणार आणि कौतुक त्याचं होणार, हेही मला सोसवेना. त्या दिवशी मला कोणाचंच काही सोसवत नव्हतं.

दुपारी बाजार उठला. आपा म्हणाली, तू पुढे हो, मी भांडी घासून येते. मी निघालो आणि पुलावर थांबलो. खाली नदी भरून चाललेली, बर्फाचं पाणी, पांढरट. मी पाकिटातून दाखला काढला आणि कठड्याच्या बाहेर हात धरला. वारा होता. कागद फडफडत होता. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त बोटं जरा सैल सोडायची होती. लगामासारखी.

मग मनात आलं, कागद सोडला तर बैसाल बसणार नाही. पण मी तरी कुठे बसणार आहे? तोरू तबेल्यातच राहील, दुसऱ्या गावचा घोडा जिंकेल. आणि तेवढ्यात मला सुयुंचू आठवली.

आमच्याकडे चांगली बातमी आणणारा ती लगेच सांगत नाही. आधी उंबऱ्यातून ओरडतो, "सुयुंचू!" ऐकणारा म्हणतो, "माग!" आणि मग बातमी कळते. बातमी आणणाऱ्याला काही ना काही द्यावंच लागतं. शेजारी नातू झाला तेव्हा पोस्टातल्या बाईंना नवीन शाल मिळाली होती. आमचा चुकलेला बोकड सापडला तेव्हा आपाने जराशी कुरकुर करून का होईना, पण बातमी आणणाऱ्या मीरलानला चाकू दिला. आणि चार पाहुण्यांसमोर एकदा ‘माग’ म्हटलं की मग शब्द फिरवता येत नाही. शर्शेन आके तर शब्दाचे पक्के. ते म्हणतील माग. मी म्हणेन, मला तोरूवर बसवा.

मी दाखला घडी घालून होता तिथेच ठेवला, रबर लावलं आणि पळत सुटलो. एलिनाच्या गोष्टीतला मुलगा जसा पळतो तसाच पळालो, फक्त माझं मन निर्मळ नव्हतं. माझ्या मनात बैसाल घोड्यावरून उतरत होता आणि मी चढत होतो.

शर्शेन आकेंच्या निळ्या फाटकाबाहेर दोन गाड्या उभ्या होत्या. बिश्केकहून पाहुणे आले होते. अंगणातून मांस परतल्याचा वास येत होता. आणि फाटकाजवळच्या बाकावर, सगळ्यांपासून लांब, बैसाल बसला होता.

"काय रे उलार, इकडे कुठे?"

"तुझ्या वडिलांकडे काम आहे."

"आज नको. फार चिडलेत. पाकीट पाडून आलेत बाजारात. सकाळपासून तीनदा जाऊन आले. आणि राग सगळा माझ्यावर. जसं काही मीच..." तो बोलता बोलता थांबला. त्याची नजर माझ्या पोटावर गेली. पळण्यात शर्ट वर सरकला होता आणि काळं चामडं बाहेर डोकावत होतं.

"ते काय आहे?"

"काही नाही."

"दाखव की."

इथे मी चुकलो. सुयुंचू मागायची ती आत, ज्याची वस्तू त्याच्या कानावर. फाटकाबाहेर, तेही त्याच्याच मुलाला, कोणी काही दाखवतं का? पण मला दाखवायचंच होतं. सगळा उन्हाळा त्याने मला बूट दाखवले, शिरस्त्राण दाखवलं, तोरूची नवी झूल दाखवली. एकदा तरी माझ्याकडे काहीतरी आहे आणि त्याच्याकडे नाही, हे त्याने बघावं असं वाटलं. मी पाकीट बाहेर काढून त्याच्या नाकासमोर धरलं.

त्याने पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि एक अक्षर न बोलता तो फाटकातून आत सुसाट पळाला. मला काही कळायच्या आत आतून आवाज आला.

"सुयुंचू, बाबा! सुयुंचू!"

"काय झालं? बोल!"

"आधी माग म्हणा!"

"माग! काय हवं ते माग! सगळ्यांसमोर सांगतो, दिलं!"

"पाकीट मिळालं! उलारने आणलंय, बाहेर उभा आहे!"

आत एकच गलका झाला. पाहुणे ओरडले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी फाटकाबाहेर पाकीट हातात धरून उभा. घोडा त्याचा, बाप त्याचा, बूट त्याचे, आणि आता माझी बातमीही त्याची. माझ्या तोंडातला घास त्याने काढून घेतला आणि वर टाळ्या मिळवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग मला जे सुचलं ते इतकं सोपं होतं की मी स्वतःच दचकलो. पाकीट अजून माझ्याकडे होतं. मी निघून गेलो तर? लोक बाहेर येतील, मी नसेन. बैसाल म्हणेल, होता हो, आत्ता इथे होता. पाहुणे एकमेकांकडे बघतील. खोटी सुयुंचू मागणाऱ्यापेक्षा वाईट आमच्याकडे दुसरं काही नाही. मेलेला माणूस जिवंत आहे असं सांगण्यासारखंच ते. मी म्हणेन, कुठलं पाकीट? मी तर आपाची भांडी घासत होतो. सगळं एका फटक्यात होईल: बैसाल खोटा पडेल, दाखला जाईल, शर्यत जाईल.

मी वळलो. भिंतीच्या कडेने कोपऱ्यापर्यंत गेलो. मागे कोणाची पावलं नव्हती. कोपऱ्यावर पाकीट नीट लपवायला म्हणून शर्ट वर केला, तर रबर तुटलं आणि ओळखपत्र खाली पडलं.

मी ते उचललं. फोटोतले शर्शेन आके टोपीशिवाय होते. मी त्यांना टोपीशिवाय कधी पाहिलेलं नाही. केस पाणी लावून चपटे बसवलेले, कान बाहेर आलेले, डोळे असे की आता कोणी ओरडेल. गावात ज्यांच्या आवाजाने कुत्री उठून बसतात तो हा माणूस कॅमेऱ्यासमोर घाबरला होता. मला एकदम वाटलं, यांनी माझं काय वाईट केलंय? त्यांनी त्यांच्या मुलाला त्यांच्या घोड्यावर बसवलं. आणि आणखी एक वाटलं, तेही लिहितो, कारण तेही खरं आहे. मी गेलो आणि बैसाल खोटा पडला तर सगळं गाव त्याची कीव करेल. घोडा गेला, बापाचा मार खाल्ला, बिच्चारा बैसाल. म्हणजे कीवसुद्धा त्यालाच मिळणार. मला तर कोणी बिच्चारा म्हणालंही नाही.

यातलं नक्की कुठल्या कारणाने मी परत फिरलो ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एजे, तुम्हाला पहिलं आवडेल, म्हणून पहिलं आधी लिहिलं आहे.

मी अंगणात गेलो तेव्हा टाळ्या थांबल्या होत्या. पाहुणे चहाच्या वाटीत बघत बसले होते. शर्शेन आके लालबुंद होऊन मधोमध उभे होते आणि बैसाल त्यांच्यासमोर खाली मान घालून. मला वाटलं, मला उशीर झाला म्हणून.

"हे घ्या, आके," मी म्हणालो. "उतारापाशी होतं. रबर माझ्याकडून तुटलं."

त्यांनी पाकीट घेतलं, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाचा मुका घेतला. मग पाकीट तसंच खिशात टाकायला लागले.

"थांब, शर्शेन," पाहुण्यांमधले पांढऱ्या दाढीचे आजोबा म्हणाले. "मोज."

"काय मोजायचं? उलारला मी ओळखतो."

"तू ओळखतोस म्हणूनच मोज. आत्ता, या लेकरासमोर, आमच्यासमोर. उद्या बायको म्हणेल दोन नोटा कमी वाटतात, आणि याचं नाव निघेल. पाकीट परत घेणाऱ्यानेही नीट घ्यायचं असतं."

मग आके खाली बसले आणि चटईवर एकेक वस्तू काढून ठेवत गेले. ओळखपत्र आहे. परवाना आहे. गाडीचे कागद आहेत. नोटा त्यांनी थुंकी लावून मोजल्या, मेंढ्या जितक्याला गेल्या तितक्या बरोबर भरल्या आणि तसं त्यांनी मोठ्याने सांगितलं. कार्ड हातात घेऊन ते म्हणाले, "हे मात्र बँकेला फोन करून सकाळीच बंद केलं. आता नवीनसाठी रांगेत उभा राहतो." सगळे हसले. शेवटी दाखला निघाला. त्यांनी तो उलगडला, शिक्का बघितला, कपाळाला लावला. आणि मग बैसालकडे बघून त्यांचा चेहरा पुन्हा काळवंडला.

"या शहाण्याने काय मागितलं ठाऊक आहे तुला?" ते मला म्हणाले. "मी म्हटलं, माग. म्हटलं, सायकल मागेल, फोन मागेल. तर म्हणतो, मला तोरूवर बसवू नका! चारचौघांत! मी शब्द देऊन बसलोय!"

मी बैसालकडे पाहिलं. तो वर बघेना.

"शब्द दिलाय तर पाळावा लागेल," आजोबा म्हणाले. "घोडा काय रिकामा पळणार आहे का? या पोराला बसव."

"सुयुंचू तर हा घेऊन बसला," आके म्हणाले. "तुझी बातमी शिळी झाली, उलार. तरी सांग, बसशील?"

मी हो म्हणालो. इतक्या लवकर म्हणालो की पाहुणे खो खो हसले. आके माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगायला लागले, की गेल्या वर्षी वळणावर मी घोडा कसा आत घेतला, की पैशांचं एवढं पुडकं हातात असून पोराने एक नोट हलवली नाही, की असं पोर ज्या घरात असेल त्या घराला भाग्य म्हणायचं. मला आनंदाने उभं राहवेना. बैसालच्या आईने आपासाठी तळलेले बोरसोक आणि मांसाचा एक मोठा तुकडा फडक्यात बांधून दिला.

शर्यतीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, ते मी लिहीत नाही. फाटकापाशी जे झालं ते कोणी पाहिलेलं नाही.

बैसाल मला सोडायला बाहेर आला. मी म्हणालो, "माझी सुयुंचू पळवलीस तू."

"हो."

"आणि ती घोड्यावरून उतरायला वापरलीस. भीती वाटते का तुला?"

"भीती कसली? मी तोरूला तो शिंगरू होता तेव्हापासून पाणी पाजतोय." त्याने बुटाने माती उकरली. "मी बसलो की बाबा तुझं नाव घेतात. उलार पाठ अशी ठेवायचा. उलार लगाम असा धरायचा. रोज कुरणावर तेच, रोज जेवताना तेच. तू कडेला बसून बघायचास ना, तेव्हा तर मला लगाम नीट धरताच यायचा नाही. म्हटलं, बसू दे त्यालाच."

सगळा उन्हाळा मी ज्याच्यावर जळत होतो, तो माझ्यावर जळत होता. दोघं एकाच बाकावर बसून.

"तू मघाशी गेला होतास," बैसाल म्हणाला. "कोपऱ्यापर्यंत. तुला बोलवायला फाटकापाशी आलो, तेव्हा बघितलं."

मी फडक्याची गाठ घट्ट केली.

"मी ओरडून मोकळा झालो होतो. तू पळाला असतास तर बाबांनी मला पाहुण्यांसमोर फोडून काढलं असतं. तरी मनात म्हणत होतो, जा. जा रे उलार. एकदा तरी जा. मग जेवताना तुझं नाव निघालं नसतं."

"मी आलो परत."

"हो ना," तो म्हणाला. "आता हेही रोज ऐकायचं."

आतून शर्शेन आकेंचा आवाज येत होता. ते माझीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.

"मग सांग की त्यांना," मी म्हणालो. "मी वळलो होतो म्हणून सांग. तू बघितलंस ना डोळ्यांनी? जा, आत्ता सांग."

बैसाल फाटक लावता लावता थांबला.

"सांगितलं तर काय म्हणतील ठाऊक आहे?" तो म्हणाला. "म्हणतील, जळतोस तू त्याच्यावर."